जुनी ट्रायम्फ बोनेव्हिल घेताना: आधी नंबर, मग इंजिन, मग पैसे

जुनी मोटारसायकल पाहायला गेलं की हात आपसूक किककडे जातो. माझाही जायचा. आता मी आधी खिशातून टॉर्च काढतो आणि इंजिनाच्या डाव्या बाजूला उकिडवा बसतो. गाडी सुरू झाली, तिचा तो आवाज कानात गेला, की माणूस तपासणी विसरतो आणि मनातल्या मनात गाडी घरी नेऊ लागतो. म्हणून गाडी सुरू करायच्या आधीच नंबर पाहून घ्यायचे.

सगळ्या जुन्या गाड्यांना एकच माप लावता येत नाही, म्हणून इथे एकच गाडी धरतो: ट्रायम्फची ६५० सीसी बोनेव्हिल, १९६३ ते १९७० मधली. या काळात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात आले होते आणि ऑइलची टाकी वेगळी होती. १९७१ पासून ऑइल फ्रेमच्या नळीतच भरलं जाऊ लागलं, त्या गाड्यांचं गणित वेगळं. याच गाडीची निवड करण्याचं कारण म्हणजे तिची नक्कल करणं फार सोपं आहे. ट्रायम्फचीच टीआर६ ही बहीण खालून जवळजवळ तशीच असते. फरक मुख्यतः डोक्यात. टीआर६ ला एक कार्ब्युरेटर, बोनेव्हिलला दोन, आणि त्यासाठी बोनेव्हिलच्या सिलिंडर हेडची दोन तोंडं बाहेरच्या बाजूला फाकलेली. हेड बदललं, दोन कार्ब्युरेटर लावले की टीआर६ ची बोनेव्हिल तयार. किंमत मात्र बोनेव्हिलचीच मागितली जाते.

नंबर कसा वाचायचा

इंजिन नंबर डाव्या क्रँककेसवर, सिलिंडर जिथे बसतो त्याच्या अगदी खाली, एका छोट्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. फ्रेमचा नंबर डाव्या बाजूलाच, हँडलची दांडी ज्या नळीतून जाते तिच्याजवळ. इंग्लंडमधल्या मेरिडेनच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा हे दोन्ही नंबर तंतोतंत एकच होते, मॉडेलच्या अक्षरांसकट. म्हणून दोन्हीकडे ‘टी१२०’ हवं. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीवर ते ‘टी१२०आर’ असतं, आणि टीआर६ वर अर्थातच ‘टीआर६’.

१९६३ पासून नंबराआधी ‘डीयू’ ही अक्षरं येत. १९६९ च्या मॉडेलांमध्ये ती पद्धत बदलली आणि दोन अक्षरांचा संकेत आला. पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं मॉडेल-वर्षाचं. महिने जानेवारीपासून क्रमाने असे: ए, बी, सी, डी, ई, जी, एच, जे, के, एन, पी, एक्स. वर्षासाठी सी म्हणजे १९६९, डी म्हणजे १९७०. यात एक गोम आहे. मॉडेल-वर्ष आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीस सुरू होत असे. म्हणजे ‘पीसी’ ठोकलेली गाडी नोव्हेंबर १९६८ मध्ये बनली, पण ती १९६९ चं मॉडेल. कागदावर १९६८ आणि विकणाऱ्याच्या तोंडी १९६९ असं ऐकलं तर लगेच संशय घेऊ नका, आधी अक्षरं पाहा.

आता टॉर्चचं काम. उजेड समोरून टाकू नका, उंचवट्याला जवळजवळ समांतर धरा. आडव्या उजेडात प्रत्येक घाव, प्रत्येक खरवड सावली पाडते. उंचवट्याचा पृष्ठभाग सपाट आणि भोवतालच्या ओतकामापेक्षा जरासा वर हवा. अंगठा फिरवा. मध्येच खड्डा लागला, कडा गोलसर लागल्या किंवा तेवढाच भाग चकचकीत दिसला, तर तिथे कानस किंवा ग्राइंडर फिरला आहे. १९६९ च्या सुमारास कारखान्याने या उंचवट्यावर कंपनीच्या नावाचा बारीक छाप भरायला सुरुवात केली आणि नंबर त्याच्यावर ठोकला. तो छाप नसलेला १९७० चा उंचवटा मला तरी पटत नाही. अक्षरांची उंची आणि खोली एकसारखी आहे का तेही पाहा. कारखान्यातही अक्षरं हातानेच ठोकली जात, त्यामुळे ओळ थोडी वाकडी असणं चालतं. पण अर्धी अक्षरं एका वळणाची आणि अर्धी दुसऱ्या, हे चालत नाही.

नंबर जुळत नाहीत म्हणजे फसवणूकच, असंही नाही. क्रँककेस फुटली तर कारखाना बदली केस कोरी, नंबराविना देत असे. तुटलेली चेन गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन केसचा तुकडा उडवते, हे या गाड्यांच्या बाबतीत बऱ्याचदा घडलं आहे. अशी गाडी चालवायला उत्तम असू शकते, फक्त तिची किंमत मूळ जोडीची असू शकत नाही. क्रँककेसचे दोन अर्धे जोडीने एकत्र मशीन केलेले असत आणि त्यांच्या खालच्या बाजूला जुळणारे छोटे आकडे ठोकलेले असत. गाडीखाली आरसा सरकवून ते पाहा. आकडे वेगळे असतील तर दोन वेगळ्या इंजिनांची लग्नं लावली आहेत आणि क्रँकची बेअरिंगं एका रेषेत असतीलच याची खात्री नाही.

एक पाहणी, सुरुवातीपासून

काही वर्षांपूर्वी मी एक ‘१९६९ बोनेव्हिल’ पाहायला गेलो. दोन कार्ब्युरेटर, ताजा रंग, झगझगीत क्रोम. इंजिनावर ‘पीसी’ आणि पुढे ‘टी१२०आर’. आडव्या उजेडात महिन्याची अक्षरं आणि आकडे छान बसलेले, कंपनीचा छापही मागे दिसत होता. पण ‘टी१२०आर’ जिथे होतं तिथे तो छाप नव्हता, आणि अंगठ्याला तेवढ्या भागात हलकी बशी लागली.

मग टाकी पाहिली. तिच्यावरचं चिन्ह भुवईसारख्या कमानीचं होतं. ते १९६६ ते १९६८ च्या गाड्यांचं. १९६९ आणि १९७० ला चौकटीत बसवलेलं चिन्ह येतं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण टाक्या सहज बदलल्या जातात. पण गाडी सुट्या भागांतून उभी केली असावी, हे कळलं.

फ्रेमचा नंबर रंगाच्या जाड थराखाली बुजला होता. मी मालकाला विचारलं, “काका, एवढ्याच जागेचा रंग काढून बघू का? उतरेल तेवढा मी भरून देतो.” त्यांनी मोकळेपणाने हो म्हटलं. चिंधीला थिनर लावून पाच मिनिटं घासलं. आकडे वर आले, ते इंजिनाशी जुळले, आणि शेवटी ‘टीआर६आर’ उभं राहिलं. काकांचा चेहरा पडला. त्यांनी ती बोनेव्हिल समजूनच घेतली होती, तीही बऱ्याच वर्षांपूर्वी. खोटं त्यांच्या आधीच्या कुणीतरी केलं होतं.

मी ती गाडी घेतली, टीआर६ च्या किमतीला. मूळ फ्रेम आणि मूळ इंजिन एकत्र असलेली टीआर६ ही सच्ची गाडी आहे. त्यांनी बोनेव्हिलसाठी १३० मागितले असं धरा, तर मी १०० दिले. पुढचा सगळा हिशोब मी याच १०० च्या मापात सांगणार आहे. पैसे कुठल्याही देशाचे असोत, ही प्रमाणं कामी येतात.

मूळपणा म्हणजे नेमकं काय

‘ओरिजिनल’ हा शब्द लोक तीन अर्थांनी वापरतात आणि त्यातच भांडणं होतात. कारखान्यातून एकत्र निघालेली फ्रेम आणि इंजिन, हा पहिला आणि सगळ्यात महागडा अर्थ. त्या वर्षाचे बरोबर भाग, मग ते दुसऱ्या गाडीचे का असेनात, हा दुसरा. आणि त्याच गाडीवर पहिल्या दिवसापासून असलेला रंग आणि क्रोम, हा तिसरा. पहिला अर्थ गेला तर परत येत नाही. दुसरा पैशाने आणता येतो. तिसरा एकदा घासून काढला की संपला, म्हणून मूळ रंगाची, जागोजागी उडालेली गाडी मिळाली तर ती रंगवू नका. मी स्वतः तसली एक टाकी ऐन उमेदीत घासून काढली होती. त्याची हळहळ अजून आहे.

वर्ष ताडायला तीन खुणा पुरतात. टाकीवरचं चिन्ह वर सांगितलंच. कार्ब्युरेटर १९६८ च्या मॉडेलपासून अमल कंपनीचे कॉन्सेन्ट्रिक, त्याआधी मोनोब्लॉक. मोनोब्लॉकची पेट्रोलची वाटी बाजूला चिकटलेली असते, कॉन्सेन्ट्रिकची बरोबर खाली. आणि पुढचा ब्रेक: १९६८ पासून ड्रममधले दोन्ही शू पुढच्या टोकाने दाबले जातात, बाहेर दोन लिव्हर आणि त्यांना जोडणारी काडी दिसते. त्याआधी एकच लिव्हर. १९६७ म्हणून विकायला ठेवलेल्या गाडीवर दोन लिव्हर दिसले, तर ब्रेक नंतरचा आहे. चालवायला तो जास्त चांगला, फक्त ‘मूळ’ म्हणून त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

इंजिन ऐकायच्या आधी आणि नंतर

जाण्याआधी मालकाला फोनवर सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहा. गरम असेल तर ती सहज सुरू होत नसावी.

गार गाडी सुरू झाली आणि मागून निळसर धुराचा लोट आला, तर घाबरू नका. गाडी आठवडेच्या आठवडे उभी असली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं आणि पहिल्या काही मिनिटांत जळून जातं. धूर विरळ होत गेला तर ठीक. दहा मिनिटांनीही तसाच राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची गाईडं गेली आहेत. इंजिन चालू असताना ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. परतीच्या नळीतून ऑइल थबकत थबकत, हवेच्या बुडबुड्यांसह टाकीत पडताना दिसलं पाहिजे. काहीच येत नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करा.

नट-बोल्टांकडे बघा. या गाड्यांवर जुने इंग्रजी आटे आहेत आणि साठच्या दशकाअखेरीस त्यात अमेरिकी मापाचे आटे मिसळत गेले. मिलिमीटरचे पाने जबरदस्तीने चढवले की नटांचे कोपरे गोल होतात. गोल झालेले नट म्हणजे आधीच्या मेकॅनिकची सही. जो बाहेरचा नट असा सोलतो, त्याने आत काय केलं असेल याचा अंदाज येतो.

आता ती गोष्ट, जी बाहेरून कधीच दिसत नाही. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही, फक्त जाळ्या आहेत. बारीक कचरा अडवण्यासाठी क्रँकच्या आत एक पोकळ नळी बसवलेली असते, तिला स्लज ट्रॅप म्हणतात. क्रँक फिरला की जडसर कण बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन नळीच्या भिंतीला चिकटतात, आणि स्वच्छ ऑइल बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडलेला असतो त्या टोकाला, जातं. रचना हुशार आहे, पण नळी साफ करायला पूर्ण इंजिन उघडून क्रँक बाहेर काढावा लागतो. त्यामुळे ती वर्षानुवर्षं कुणी साफ करत नाही. ती गच्च भरली की बिग एंडला ऑइल पोहोचत नाही, आणि एके दिवशी भर वेगात कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. माझ्या गाडीतली नळी आकड्याने ओढून काढली तेव्हा आत ओल्या काळ्या मातीसारखा गोळा होता. मधोमध पेन्सिलच्या शिशाएवढी वाट उरली होती. गाडी तोवर गोड चालत होती. नळी काढण्याआधी तिला आडवा धरून ठेवणारा फ्लायव्हीलचा बोल्ट सोडवायचा असतो, तो विसरून नळी ओढली तर ती फाटते.

म्हणून विकणाऱ्याला थेट विचारा, “स्लज ट्रॅप शेवटचा कधी साफ केला? बिल आहे का?” बिल असेल तर उत्तम. नसेल तर इंजिन उघडायचंच आहे असं धरून किंमत ठरवा, आवाज कितीही गोड असला तरी.

कागद

कागदावरचे नंबर आणि लोखंडावरचे नंबर एकेक अक्षर जुळवा. ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांच्या चुका जुन्या नोंदींत सापडतात. नंतर त्या दुरुस्त करून घ्यायला महिने जातात, म्हणून ती दुरुस्ती पैसे देण्याआधी विकणाऱ्याने करून द्यायला हवी. इंजिन बदललेलं असेल तर बदलाची नोंद कागदावर झाली आहे का ते पाहा. नसेल तर तुमच्या नावावर करताना अडणार तुम्ही.

या गाड्यांचा मोठा भाग अमेरिकेत गेला आणि तिथून पुन्हा जगभर पसरला. त्यामुळे मूळ देशाचा कागद हाती येतो. त्यात एक भेद लक्षात ठेवा. अमेरिकेतलं ‘टायटल’ हा मालकीचा पुरावा असतो. ब्रिटनमधला व्ही५सी कागद मात्र गाडी कुणाच्या ताब्यात नोंदली आहे एवढंच सांगतो, मालक कोण हे नाही. ते त्याच कागदावर छापलेलं असतं. त्यामुळे तो सोबत असला तरी विक्रीची पावती हवीच. जुन्या अमेरिकी टायटलांवर कित्येकदा फक्त इंजिन नंबर असतो. गाडी आयात झालेली असेल तर जकात भरल्याच्या पावतीवर दोन्ही नंबर आहेत का ते पाहा. ती पावती हरवली असेल तर गाडी कितीही आवडली तरी मी परत फिरतो.

गाडी मुळात काय म्हणून आणि कुठल्या तारखेला कारखान्यातून निघाली, हे कळायची सोय आहे. मेरिडेनच्या पाठवणीच्या नोंदी इंग्लंडमधल्या व्हिन्टेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात जपल्या आहेत आणि नंबर कळवल्यावर, शुल्क घेऊन, ते उतारा देतात. खरेदीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. सौदा ठरवण्याआधी तो करा.

सुटे भाग

या बाबतीत बोनेव्हिलवाले नशीबवान आहेत. मेरिडेनचा कारखाना १९८३ मध्ये बंद पडला, पण त्यानंतर एल. एफ. हॅरिस यांच्या कंपनीने काही वर्षं परवान्याने बोनेव्हिल बनवली आणि भागही बनवत राहिली. अमलचे कार्ब्युरेटर आजही नवे मिळतात. पिस्टन, शेल बेअरिंगं, गॅस्किटं, क्लचच्या प्लेटा, सगळं नवं मिळतं.

अडतं ते पत्र्यात. नव्याने बनवलेले मडगार्ड आणि टाक्या मिळतात, पण भोकं एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असतात, टाकीच्या तळाचा बोगदा फ्रेमला घासतो. म्हणून खरेदी करताना माझा नियम उलटा आहे. इंजिन थकलेलं असलं तरी चालेल, पण टाकी, मडगार्ड, बाजूची झाकणं, दिव्याचं भांडं आणि त्यांचे कंस जागेवर हवेत. “हे काय, कुठेही मिळेल,” असं विकणारा ज्या भागाबद्दल म्हणतो, तो भाग तुम्ही आधी शोधून त्याची किंमत काढा आणि मग बोला.

नवे भाग आले की लगेच बसवू नका, मोजा. नकली व्हॉल्व्ह गाईड आणि ब्रेक केबल यांनी मला फसवलं आहे. जुना भाग नवा हाती येईपर्यंत फेकायचा नाही, मोडका असला तरी माप तोच सांगतो.

खरा खर्च

गाडी १०० ला घेतली. दुरुस्तीचा माझा अंदाज ६५ होता, प्रत्यक्षात ११५ लागले. कुठे चुकलो ते सांगतो.

इंजिनाला २० धरले होते, लागले ४२. क्रँक उघडल्यावर कळलं की तो आधी दोनदा घासलेला आहे. बिग एंडची जागा घासून तिला जाड शेल बसवायची सोय तीनदाच असते: दहा, वीस आणि तीस थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. माझा क्रँक तिसऱ्या आणि शेवटच्या मापावर गेला. सिलिंडरचंही तसंच, बोअर करून पुढच्या मापाचे पिस्टन, वीस, चाळीस आणि साठ थाऊ. साठ ओलांडले की सिलिंडरमध्ये नवा स्लीव्ह घालायचा किंवा सिलिंडरच बदलायचा. म्हणून इंजिन उघडल्यावर पहिला प्रश्न ‘किती झिजलंय’ हा नाही, ‘किती माप उरलंय’ हा आहे.

गिअरबॉक्स आणि क्लचला १० चे १२ झाले, चाकं, टायर आणि ब्रेकला १४ चे १६, रंगाला ९ चे ११, वायरिंगला ६ चे ९. हे फरक सोसण्यासारखे होते. क्रोमने मात्र ६ चे १४ केले. मी क्रोमचा दर विचारला होता, पण चढवण्याआधी जुनं उतरवणं, खड्डे भरणं, पोचे काढणं आणि घासणं यात खरी मजुरी असते हे लक्षात घेतलं नव्हतं. सायलेन्सर तर शेवटी नवेच घेतले. आणि ११ गेले अशा गोष्टींवर ज्यांचा मी अंदाजच केला नव्हता: बोल्ट, वॉशर, सील, रबरं, योग्य मापाचे पाने, पार्सलची भाडी, दोनदा मागवलेले चुकीचे भाग. हा रकाना तुमच्या अंदाजात नसेल तर तो आत्ताच घाला.

एकूण २१५, माझे सुट्ट्यांचे दोनशेहून जास्त तास वेगळे. त्याच सुमारास माझ्या ओळखीत तशीच तयार, नीट केलेली टीआर६ १७० ला विकली गेली. गाडी बांधायचा आनंद हवा असेल तर थकलेली घ्या, मी पुन्हा घेईन. फक्त चालवायची असेल तर बिलांच्या फाईलसह तयार गाडी घ्या, महाग वाटली तरी ती स्वस्त पडते.

शेवटचा सौदा करताना मी एका कागदावर दोन रकाने काढतो. एकात तशीच चांगली गाडी आज कितीला जाते ते, दुसऱ्यात नंबर, स्लज ट्रॅप, पत्रा, क्रोम आणि तो ‘किरकोळ’ रकाना. दुसऱ्याची बेरीज पहिल्यातून वजा केली की जे उरतं तो माझा भाव. काकांसमोर मी हाच कागद ठेवला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, ‘पत्रा’ या ओळीवर बोट ठेवलं आणि आत जाऊन बाजूचं एक मूळ झाकण घेऊन आले, जे त्यांनी कापडात गुंडाळून इतकी वर्षं माळ्यावर ठेवलं होतं. मी त्या ओळीवरचा आकडा खोडला आणि तेवढे पैसे वाढवून दिले.